घरून व्हीपीएन जोडण्यासाठी आयपी पत्ता कसा नोंदवायचा: क्रमाने, न चुकता

मंडळी,

व्हीपीएन आता फक्त नोंदवलेल्या घरच्या पत्त्यांवरूनच जोडलं जातं, ही सूचना सगळ्यांना मिळाली आहे. तरीही नोंदणीसाठी येणाऱ्या अर्जांपैकी बरेचसे परत पाठवावे लागतात. काहींनी फ्लॅट नंबर आणि पिनकोड लिहून पाठवला. त्यांचं सोडा, ते एका फोनमध्ये निस्तरतं. खरी अडचण आहे ती आकड्यांचा पत्ता पाठवूनही तो चुकीचा पाठवणाऱ्यांची. म्हणून ही सविस्तर रीत. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पाचव्या पायरीवरचा अर्ज आधी भरून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

## आधी एवढं समजून घ्या

आपल्याला तुमच्या घरच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता हवा आहे. म्हणजे तुमचा राउटर बाहेरच्या जगाशी बोलतो तेव्हा समोरच्याला दिसणारा पत्ता. लॅपटॉपला घरात मिळालेला पत्ता हा नव्हे.

ऑफिसचा फायरवॉल आता व्हीपीएनची विनंती आली की आधी ती कुठल्या पत्त्यावरून आली ते बघतो. पत्ता यादीत नसेल तर विनंती तिथेच टाकून देतो. नकार कळवत नाही, उत्तरच देत नाही. त्यामुळे तुमच्या पडद्यावर ‘परवानगी नाही’ असं काहीही येत नाही; नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी जोडणी तुटते. यावरून लोक ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणून फोन करतात. सर्व्हर चालू असतो.

पासवर्ड आणि मोबाइलवरचा ओटीपी पूर्वीसारखेच लागतील. पत्ता जुळला म्हणजे फक्त दारापर्यंत पोहोचलात, आत यायला ते दोन्ही हवेतच.

## पायरी १: तयारी

ही पायरी घरी बसूनच करायची आहे. ऑफिसच्या वायफायवर बसून पत्ता तपासणाऱ्यांनी आपल्याला ऑफिसचाच पत्ता ‘घरचा’ म्हणून कळवला आहे, आणि असे अर्ज सर्वांत जास्त आहेत. पत्ता तपासण्यापूर्वी पुढच्या गोष्टी करून घ्या.

१. लॅपटॉप घरच्या वायफायला जोडलेला आहे ना ते नावासकट बघा. वीज गेली की फोनचा हॉटस्पॉट लावायची सवय असेल, तर लॅपटॉप तो आपणहून पकडतो. तपासणी होईपर्यंत फोनचा हॉटस्पॉट बंद ठेवा.

२. ऑफिसचं व्हीपीएन जोडलेलं असेल तर तोडा. ते जोडलेलं असताना तुमची सगळी वाहतूक ऑफिसमधून बाहेर पडते, म्हणून बाहेरचा पत्ता पुन्हा ऑफिसचाच दिसतो.

३. स्वतःचं दुसरं व्हीपीएन अ‍ॅप असेल, किंवा क्लाउडफ्लेअरचं `WARP` चालू असेल, तर बंद करा. मॅक वापरणाऱ्यांनी आयक्लाउडचं `Private Relay` बंद करावं. ते चालू असताना सफारीला दिसणारा पत्ता तुमच्या जोडणीचा नसतोच.

४. राउटरच्या पानाचा पासवर्ड शोधून ठेवा. बहुतेक वेळा तो राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. केबलवाल्याने बदलला असेल तर त्याला आजच विचारा, कारण तिसऱ्या पायरीवर तो लागतोच.

५. इंटरनेटच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा.

तपासा: फोनवरून पत्ता बघणार असाल तर फोनचा मोबाइल डेटा बंद आहे का? चालू असेल तर सिमकार्ड कंपनीचा पत्ता दिसण्याची शक्यता असते. शक्यतो फोन वापरूच नका, लॅपटॉपच वापरा.

## पायरी २: बाहेरचा पत्ता वाचा

गुगलवर ‘माझा आयपी’ शोधून मिळणारा आकडा आम्ही घेत नाही. ब्राउझरमधल्या एखाद्या एक्स्टेन्शनमुळे तो वेगळा येऊ शकतो, आणि पुष्कळदा तो लांबलचक, अक्षरं मिसळलेला असा आयपी व्हर्जन ६ चा पत्ता असतो. आपल्या व्हीपीएनचं नेहमीचं प्रोफाइल आयपी व्हर्जन ४ वर चालतं, म्हणजे टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांवर. तोच हवा आहे.

विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि ही ओळ चालवा:

```
curl.exe -4 https://api.ipify.org
```

मॅकवर टर्मिनलमध्ये:

```
curl -4 https://api.ipify.org
```

उत्तरादाखल एकच ओळ येईल, उदाहरणार्थ `203.0.113.48`. (या लेखातले `203.0.113` ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत. ते कुणाच्याच घरी नसतात. कृपया अर्जात उतरवून काढू नका.) आलेला पत्ता वहीत लिहा आणि शेजारी तारीख-वेळ टाका. दहा-पंधरा मिनिटांनी तीच ओळ पुन्हा चालवा. एवढ्या वेळात आकडा बदलला, तर तुमची जोडणी सामायिक पत्त्यावर आहे हे जवळपास ठरलंच. पुढची पायरी तरीही करा.

सावधान: काहीजण `ipconfig` चालवून `IPv4 Address` पुढचा आकडा पाठवतात. तो `192.168.1.7` किंवा `192.168.29.14` असा काहीतरी असतो. हे घरातले पत्ते आहेत, आणि लाखो घरांत हेच आकडे असतात. बाहेरून येणाऱ्या विनंतीवर ते दिसतच नाहीत, म्हणून असला पत्ता यादीत घातला तरी काही उपयोग नाही.

## पायरी ३: राउटरचा पत्ता त्याच्याशी ताडून पाहा

हीच पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळी मेख इथेच आहे.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता साधारण `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. जिओफायबरच्या राउटरवर `192.168.29.1`. नक्की माहीत नसेल तर विंडोजच्या काळ्या खिडकीत `ipconfig` चालवा आणि `Default Gateway` पुढे जो आकडा आहे तोच टाका. आत गेल्यावर `Status`, `WAN` किंवा `Internet` अशा नावाचा भाग शोधा. तिथे `WAN IP` किंवा `IP Address` म्हणून एक पत्ता दिलेला असतो. तो दुसऱ्या पायरीत लिहिलेल्या पत्त्याच्या खाली लिहा.

आता दोन्ही ओळी एकमेकींशी ताडून पाहा.

दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर उत्तम. तो पत्ता तुमच्या एकट्याच्या जोडणीला दिलेला आहे. थेट चौथ्या पायरीवर जा.

राउटरवरचा पत्ता `100.64` पासून `100.127` पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवले आहेत. पत्त्यांचा हा गट २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपी व्हर्जन ४ चे पत्ते जगभरात अपुरे पडत असल्यामुळे घरगुती जोडण्यांवर हे सर्रास होतं. तुमच्या कंपनीने काही वावगं केलेलं नाही. पण तुम्हाला बाहेर दिसलेला पत्ता त्याच वेळी अनोळखी शंभर घरांचाही असू शकतो. तो यादीत घातला तर त्या सगळ्यांना आपल्या दारापर्यंत वाट मिळते. असा पत्ता आम्ही नोंदवत नाही.

`10.` ने किंवा `172.16` ते `172.31` ने सुरू होत असेल तरी अर्थ तोच. स्थानिक केबलवाल्यांच्या जाळ्यात बहुधा हेच आकडे दिसतात.

`192.168` ने सुरू होत असेल तर घाई करू नका. बऱ्याच घरांत कंपनीने बसवलेला फायबरचा डबा असतो आणि त्याच्या पुढे तुम्ही विकत आणलेला वायफाय राउटर. तुम्ही पाहिलेलं पान त्या दुसऱ्याचं आहे. लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडा, त्याचं पान उघडा आणि तिथला `WAN` पत्ता बघा. ताडून पाहायचा आहे तो हा पत्ता.

तपासा: वहीत आता दोन पत्ते, तारीख आणि वेळ एवढं लिहिलेलं आहे का? राउटरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. अर्जासोबत तो मागितला जातो.

## पायरी ४: पत्ता टिकतो का ते बघा

दोन्ही पत्ते जुळले म्हणजे पत्ता तुमचा एकट्याचा आहे. तो उद्याही तुमचाच असेल असं नाही. घरगुती जोडण्यांवर पत्ता बहुतेक बदलता असतो. ज्यांच्या राउटरमध्ये केबलवाल्याने युजरनेम-पासवर्ड भरून दिला आहे, म्हणजे `PPPoE` पद्धतीची जोडणी, तिथे राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की नवीन पत्ता मिळण्याची शक्यता खूपच जास्त. काही जोडण्यांवर तोच पत्ता महिनोन्‌महिने टिकतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा करून बघा.

राउटरचं बटण बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. दुसऱ्या पायरीतली ओळ चालवा. पत्ता तोच आला तर रात्री झोपताना राउटर बंद करा आणि सकाळी पुन्हा तपासा. दोन्ही वेळा तोच आला, तर नोंदवायला हरकत नाही. बदलला, तर खालचा ‘पत्ता सामायिक किंवा बदलता असेल तर’ हा भाग वाचण्याआधी अर्ज भरू नका. आज नोंदवाल आणि पहिल्याच लोडशेडिंगला बाहेर पडाल.

एक जोडसल्ला: बदलत्या पत्त्याचा निम्मा त्रास विजेमुळे होतो. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. वीज गेली तरी राउटर बंदच होत नाही, म्हणून पत्ताही बराच काळ टिकतो. मात्र घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपियर लिहिलंय ते बघा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरू नका.

### पत्ता सामायिक किंवा बदलता असेल तर

इंटरनेट कंपनीला किंवा केबलवाल्याला फोन करा आणि ‘पब्लिक स्टॅटिक आयपी’ मागा. दोन्ही शब्द लागतात. नुसतं ‘स्टॅटिक’ म्हणालात तर काही केबलवाले त्यांच्या आतल्या जाळ्यातला, `10.` ने सुरू होणारा पत्ता कायमचा बांधून देतात. तो खरोखरच बदलत नाही, त्यांचंही काही चुकत नाही, पण बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. नुसतं ‘पब्लिक’ म्हणालात तर मिळालेला पत्ता पुढच्या रीस्टार्टला बदलेल.

याचं वेगळं शुल्क असतं. दर कंपनीनुसार आणि योजनेनुसार बदलतो, काही घरगुती योजनांवर ही सोय मुळीच नसते. पैसे भरण्याआधी विभागप्रमुखांची संमती घ्या आणि पावती जपून ठेवा. संमतीशिवाय भरलेल्या पैशांची परतफेड मंजूर करणं माझ्या हातात नाही.

पब्लिक स्टॅटिक मिळतच नसेल तर एक वाट उरते, आयपी व्हर्जन ६ ची. जिथे व्हर्जन ४ चा पत्ता सामायिक असतो, तिथेही व्हर्जन ६ चा गट पुष्कळदा तुमच्या एकट्याचा असतो. हे चालवून बघा:

```
curl.exe -6 https://api6.ipify.org
```

मॅकवर `curl.exe` ऐवजी `curl`. उत्तरात कोलनने तोडलेला लांब पत्ता आला तर तो आम्हाला कळवा. आम्ही पूर्ण पत्ता नोंदवत नाही, त्याचे पहिले चार गटच नोंदवतो. कारण मागचा अर्धा भाग लॅपटॉप स्वतःच ठरवतो आणि गोपनीयतेसाठी थोड्या थोड्या दिवसांनी बदलत राहतो. या मार्गासाठी व्हीपीएनचं वेगळं प्रोफाइल लागेल. ते आम्ही बसवून देऊ, नेहमीचं प्रोफाइल चालणार नाही. पहिले चार गटही बदलणारे असू शकतात, म्हणून चौथ्या पायरीतली रात्रभराची परीक्षा इथेही करा.

काही जणांनी डायनॅमिक डीएनएस सुचवलं: राउटरला एक नाव द्यायचं आणि फायरवॉलने ते नाव बघायचं. तांत्रिकदृष्ट्या होतं ते. पण मग आपल्या दाराची किल्ली तुमच्या त्या फुकट खात्याच्या पासवर्डमध्ये जाऊन बसते. ते खातं कुणी बळकावलं की ते नाव हव्या त्या पत्त्याकडे वळवता येतं. म्हणून नाही.

## पायरी ५: अर्ज भरा

आता अर्ज. तो अंतर्गत पोर्टलवरच आहे आणि पोर्टल ऑफिसच्या ईमेलच्या पासवर्डने व्हीपीएनशिवायही उघडतं. भरायच्या रकान्यांपैकी तीनच ठिकाणी चुका होतात.

‘बाहेरचा पत्ता’ यात दुसऱ्या पायरीतला आकडा. कागदावरून हाताने टाइप करू नका, काळ्या खिडकीतून कॉपी करून चिकटवा. `203.0.113.48` चं `203.0.133.48` झालेलं डोळ्यांना दिसत नाही.

‘राउटरवरचा पत्ता’ यात तिसऱ्या पायरीतला. दोन्ही सारखेच असले तरी पुन्हा भरा. आम्ही आधी हेच ताडून पाहतो, आणि हा रकाना रिकामा असेल तर अर्ज तिथेच थांबतो.

‘जोडणी कोणाच्या नावावर’ इथे खरं लिहा. वडिलांच्या, बायकोच्या किंवा घरमालकाच्या नावावर असली तरी चालते. पीजीचं किंवा सोसायटीचं सामायिक वायफाय असेल तर मात्र चालत नाही. तिथे पत्ता एकच, पण वायफायचा पासवर्ड सगळ्या मजल्यांना माहीत असतो. अशा सहकाऱ्यांनी अर्ज न भरता मला भेटावं, प्रत्येकाचं वेगळं बघावं लागेल.

पत्ता अर्जातूनच द्या. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

सावधान: असे बदल झाले की फसवणाऱ्यांना आयती संधी मिळते. ‘तुमचा आयपी नोंदवण्यासाठी इथे क्लिक करा’ असा एसएमएस किंवा मेल आम्ही पाठवत नाही. अर्ज आल्यावर खात्री करायला आम्ही फोन करतो, आणि तो मनुष्यबळ विभागाकडे असलेल्या तुमच्या नंबरवरच करतो. त्यात पत्त्याचे शेवटचे दोन आकडे विचारतो. पासवर्ड किंवा ओटीपी विचारला गेला तर तो फोन आमचा नाही.

## पायरी ६: जोडून बघा, आणि आकडा वाचा

नोंदणी झाल्याचा मेल आल्यानंतरच व्हीपीएन जोडा. जोडलं गेलं तर संपलं. नाही तर विंडोज एक एरर क्रमांक दाखवतं. ‘चालत नाही’ एवढंच कळवण्याऐवजी तो क्रमांक कळवा, कारण निदान त्यातच असतं.

`809` म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही. पत्ता यादीत नसला की नेमकं हेच होतं. आधी दुसऱ्या पायरीतली ओळ पुन्हा चालवा आणि आलेला पत्ता नोंदवलेल्या पत्त्याशी ताडा. दोन्ही एकच असूनही `809` येत असेल, तर राउटर किंवा इंटरनेट कंपनी व्हीपीएनची वाहतूक अडवत असू शकते. मग आम्हाला फोन करा.

`691` म्हणजे तुमची विनंती ऑफिसपर्यंत पोहोचली, पण युजरनेम किंवा पासवर्ड मान्य झाला नाही. पत्त्याची नोंदणी ठीक आहे. नवा अर्ज भरू नका, पासवर्ड बघा.

`868` म्हणजे व्हीपीएन सर्व्हरच्या नावाचा पत्ताच लॅपटॉपला सापडला नाही. बहुतेक वेळा घरचं इंटरनेटच गेलेलं असतं. ब्राउझरमध्ये दुसरी एखादी साइट उघडून बघा.

## एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत

हिशेब विभागातल्या, चिंचवडला राहणाऱ्या आमच्या एका ताईंनी पहिल्या अर्जात `192.168.1.7` पाठवला. तो परत गेला. मग त्यांनी काळ्या खिडकीतून `203.0.113.48` काढून पाठवला, राउटरचा रकाना मात्र रिकामा. तेव्हा आम्ही नियम शिथिल ठेवला होता म्हणून तो नोंदवला गेला. आठवडाभर व्यवस्थित चाललं. गुरुवारी वीज गेली आणि संध्याकाळी जीएसटीचं विवरण भरायच्या वेळी `809`.

फोनवर त्यांना तिसरी पायरी करायला लावली. राउटरच्या पानावर होतं `100.72.15.9`. बाहेर दिसत होता आता `203.0.113.51`. म्हणजे पत्ता सामायिक होता, आणि वीज परत आल्यावर त्यांची जोडणी त्याच गटातल्या दुसऱ्या बाहेरच्या पत्त्यामागे जाऊन बसली होती. जुनी नोंद आम्ही लगेच काढून टाकली. ती ठेवली असती तर `203.0.113.48` मागची भलतीच घरं यादीत राहिली असती.

केबलवाल्याला ताईंनी ‘स्टॅटिक आयपी द्या’ म्हणून सांगितलं. तो आला, राउटरमध्ये काहीतरी भरलं, ‘झालं मॅडम’ म्हणाला. राउटरवर आता `10.20.4.18`, बाहेर पुन्हा वेगळाच पत्ता. त्याच्यासमोरच दोन्ही ओळी शेजारी-शेजारी लिहून दाखवल्या तेव्हा त्याला काय हवंय ते कळलं. ‘मग पब्लिक हवंय, त्याला वरून मंजुरी लागते’, असं म्हणून तो गेला. मंजुरी आल्यावर राउटरवर `203.0.113.200`, काळ्या खिडकीतही `203.0.113.200`. रात्रभर राउटर बंद ठेवला, सकाळी तोच. त्यानंतरच तिसरा अर्ज. तेव्हापासून त्यांचा फोन आलेला नाही.

केबलवाला घरी आला की तो जायच्या आधी दोन्ही पत्ते त्याच्यासमोरच तपासा, हे मात्र मी सगळ्यांनाच सांगेन.

## नोंदणीनंतर

पत्ता बदलला तर. नवा अर्ज भरा आणि त्यात जुना पत्ता लिहून ‘हा काढा’ असं कळवा. वारंवार बदलत असेल तर पब्लिक स्टॅटिकशिवाय इलाज नाही. रोज यादी बदलत राहिलो तर यादीला अर्थच उरत नाही.

गावी जाणार असाल तर. गणपतीत कोकणातून काम करायचं असेल, तर तिथल्या घरची जोडणीही याच रीतीने नोंदवता येते. पण दुसरी ते चौथी पायरी तिथे बसूनच करावी लागते, पुण्यातून होत नाही. आधी कुणी गावी जाणार असेल तर त्याच्याकडून करून घ्या. तात्पुरत्या नोंदीला शेवटची तारीख द्यावी लागते आणि त्या दिवशी ती आपोआप निघते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लॉजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर नोंद होत नाही. प्रवासात अगदीच अडलं तर ऑफिसमधल्या सहकाऱ्याकडून काम करून घ्यावं लागेल. गैरसोय आहे, मान्य.

घरचं वायफाय. तुमच्या वायफायवर बसलेला प्रत्येक जण आता आमच्या यादीतल्या पत्त्यावरून येतो. शेजाऱ्याला पासवर्ड दिला असेल तर तो बदला. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट’ नेटवर्क असतं, ते लावा. त्याने बाहेरचा पत्ता बदलत नाही, पण तुमच्या लॅपटॉपपर्यंत पाहुण्यांचे फोन पोहोचत नाहीत.

आम्ही काय साठवतो. कुठल्या पत्त्यावरून, कोण, कधी जोडलं गेलं, एवढ्या नोंदी. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था असलेल्या सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. व्हीपीएन तुटलेलं असताना तुम्ही घरी काय बघता ते आम्हाला दिसत नाही. जोडलेलं असताना मात्र सगळी वाहतूक ऑफिसमधून जाते, म्हणून खासगी कामं तेव्हा करू नका.

घर बदलताना. सामान हलवायच्या आधी जुन्या पत्त्याची नोंद काढायचा अर्ज द्या, नवीन जोडणी अजून आली नसली तरी. जुनी जोडणी बंद केली की इंटरनेट कंपनी तो पत्ता दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि तो कोण हे आपल्याला कधीच कळत नाही.